अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे कट होतायत? आधी खातं शोधा

कराडला एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले आणि चार्जिंग पिन बदलणं हे मूळ काम, पण हल्ली हातात फोनबरोबर पासबुकही घेऊन येणारे बरेच असतात. "बघ रे, दर महिन्याला कोण पैसे खातंय ते." एकच बिघाड इतक्या वेळा काढल्यावर त्याचा क्रम हातात बसला आहे, तो इथे लिहून ठेवतो. बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतात, म्हणून भर गूगल प्लेवर आहे. आयफोनचं पुढे थोडक्यात आहे.

लक्षणं

- दर महिन्याला ठरावीक तारखेच्या आसपास तीच रक्कम जाते. ₹99, ₹149, ₹299 अशा रकमा.
- अ‍ॅप कधीच काढून टाकलेलं आहे, कधी कधी फोनही बदललेला आहे, तरी पैसे जातात.
- प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर काहीच दिसत नाही.
- वर्षातून एकदाच ₹1,500 किंवा ₹2,500 गेले आणि कशाचे ते आठवत नाही.
- सबस्क्रिप्शन बंद केलं होतं असं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, तरी पुढच्या महिन्यात पैसे गेलेच.

यातल्या पहिल्या चारांचं कारण बहुधा एकच असतं. सबस्क्रिप्शन फोनला चिकटलेलं नसतं आणि अ‍ॅपलाही नसतं, ते खात्याला चिकटलेलं असतं. अ‍ॅप उडवणं म्हणजे पेपर वाचायचा बंद करणं. पेपरवाल्याला सांगितलं नाही तर तो दारात टाकतच राहतो आणि महिनाअखेरीला बिलही देतो. त्यामुळे सगळा शोध एकाच प्रश्नाचा आहे: हे कोणत्या खात्यावर घेतलं होतं?

1. आधी बँकेचं स्टेटमेंट, फोन नंतर

याला पैसे लागत नाहीत आणि फोनमध्ये काही बिघडायची भीतीही नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून किमान तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं बघून भागत नाही, कारण वार्षिक सबस्क्रिप्शन त्यात सापडेलच असं नाही आणि सगळ्यात मोठी रक्कम तीच असते. आठवड्याला पैसे घेणारी अ‍ॅपं पण असतात. फोटो सुधारणारी, पीडीएफ बनवणारी यांच्यात हा प्रकार खूप. आठवड्याचे ₹199 बघायला किरकोळ वाटतात, पण वर्षाचे दहा हजारांवर जातात.

प्रत्येक संशयित नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: तारीख, रक्कम आणि नाव. नाव सगळ्यात कामाचं, कारण कोणत्या दारात जायचं ते त्यावर ठरतं. नोंदीत `GOOGLE` किंवा `Google Play` दिसलं तर पैसे गूगलच्या दुकानातून गेलेत. `APPLE.COM/BILL` किंवा अ‍ॅपलचं नाव दिसलं तर आयफोनच्या दुकानातून. यातलं काहीच नसेल आणि थेट एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव यूपीआयच्या नोंदीत असेल, तर ते सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमध्ये सापडणारच नाही. तुम्ही सरळ चौथ्या पायरीवर जा. माझ्या दुकानात लोकांचा निम्मा वेळ इथेच वाया जातो. ते प्ले स्टोअरमध्ये तासभर शोधतात आणि वस्तू तिथे ठेवलेलीच नसते.

एसएमएस पण बघा. कार्डावरून आपोआप पैसे घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून पूर्णपणे लागू झाले. त्यानुसार पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. यूपीआय ऑटोपेचाही असा मेसेज येतो. तो जाहिरातींच्या गर्दीत बुडालेला असतो, म्हणून एसएमएसमध्ये `mandate` किंवा `autopay` हा शब्द टाकून शोधा.

2. प्ले स्टोअर, पण एकेका खात्यातून

प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे गोल चित्रावर टॅप करा, मग `Payments & subscriptions` आणि त्यात `Subscriptions`. फोन मराठीत असेल तर 'सदस्यत्व' हा शब्द शोधा.

इथे काही नाही असं दिसलं म्हणून लगेच फोन खाली ठेवू नका. हे पान फक्त त्या क्षणी निवडलेल्या खात्याचं असतं. पुन्हा गोल चित्रावर जा, ई-मेल पत्त्याशेजारचा बाण दाबा आणि यादीतलं दुसरं खातं निवडून तेच पान परत उघडा. एका फोनमध्ये दोन-तीन खाती असणं आता साधी गोष्ट आहे. एक स्वतःचं, एक ऑफिसचं आणि एक नातवाच्या शाळेसाठी कोविडच्या काळात काढलेलं. तिन्ही तपासा.

सापडलं तर त्यावर टॅप करून `Cancel subscription` दाबा. वर सांगितलेलं पाचवं लक्षण इथूनच येतं. बटण दाबल्यावर गूगल विचारतं, का बंद करताय? माणूस एक कारण निवडतो, त्याला वाटतं झालं, आणि मागे फिरतो. पण कारण निवडून पुढे गेल्यावर अजून एकदा `Cancel subscription` येतं, आणि ते दाबल्याशिवाय काहीही बंद होत नाही. मध्येच काही अ‍ॅपं 'थोडे दिवस थांबवा' असा पर्याय पुढे करतात. तो घेतला तर मुदत संपल्यावर पैसे पुन्हा सुरू होतात.

खरंच बंद झालं का, हे दोन खुणांवरून कळतं. त्याच पानावर शेवटची तारीख दिसते आणि गूगलकडून ई-मेल येतो. दोन्ही नसेल तर बंद झालेलं नाही. त्या तारखेपर्यंत अ‍ॅप चालूच राहतं, कारण तेवढ्याचे पैसे गेलेले असतात. त्यावरून गोंधळू नका.

बंद करायचं ते नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी, असा माझा शिरस्ता आहे. पैसे मागण्याचं चक्र चोवीस तास आधीच फिरायला लागतं आणि शेवटच्या रात्री बंद केलेल्यांचे पैसे गेलेले मी पाहिलेत.

3. ई-मेलमध्ये पावती शोधा

खात्यात सापडलं नाही तर त्याच फोनवर जीमेल उघडा आणि शोधायच्या जागी हे टाका:

```
from:googleplay-noreply@google.com
```

गूगल प्लेच्या प्रत्येक पावतीवर `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो, त्यामुळे नुसतं `GPA` टाकूनही चालतं. हेही प्रत्येक खात्याच्या जीमेलमध्ये वेगवेगळं करा. ज्या जीमेलमध्ये पावती सापडेल, सबस्क्रिप्शन त्याच खात्यावर आहे. याहून पक्का पुरावा मी पाहिलेला नाही. पावतीत अ‍ॅपचं नाव, रक्कम आणि पैसे कशातून दिले तेही असतं.

घरातल्यांचे फोन विसरू नका. आजोबांचं बँक खातं नातवाच्या फोनमधल्या गूगल खात्याला जोडलेलं असेल, तर आजोबांच्या फोनमध्ये रात्रभर शोधून काही मिळणार नाही. पावती नातवाच्या मेलमध्ये पडलेली असते, आणि तो मेल नातवाने उघडलेला नसतो.

4. यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे: आधी फक्त बघा

यूपीआय ऑटोपे 2020 मध्ये आलं. एकदा पिन टाकून परवानगी दिली की त्या मर्यादेत पैसे दर वेळी पिन न विचारता जातात. या परवानगीला मँडेट म्हणतात. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून `Autopay` शोधा. बहुतेक अ‍ॅपांत ते तिथेच असतं. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय अ‍ॅपं असतील तर सगळी उघडा. परवानगी ज्या अ‍ॅपमधून दिली तिथेच ती हमखास दिसते.

आता मँडेट रद्द कधी करायचं? इथे लोक घाई करतात. पैसे गूगल प्लेमार्फत जात असतील तर आधी प्लेमध्ये सबस्क्रिप्शन बंद करा, मग मँडेट बघा. उलट केलं तर गूगलच्या लेखी सबस्क्रिप्शन चालूच राहतं, फक्त पैसे मिळाले नाहीत एवढंच. मग ते पुन्हा पुन्हा मागतं. खात्याला दुसरं कार्ड जोडलेलं असेल तर तिकडून घेऊ शकतं. सहा महिन्यांनी तुम्ही दुसऱ्याच कशासाठी तरी नवीन कार्ड जोडता आणि जुना धागा परत ओढला जातो.

पण मँडेटवर गूगल किंवा अ‍ॅपल यांपैकी कुणाचंच नाव नसेल, थेट अ‍ॅपवाल्याचं असेल, तर हेच मुख्य दार आहे. हा प्रकार गेल्या काही वर्षांत भलताच वाढलाय. 'फक्त ₹1 मध्ये सात दिवस' अशी जाहिरात येते. भविष्य सांगणारी, भजनं ऐकवणारी, मालिकांचे छोटे तुकडे दाखवणारी अ‍ॅपं यात पुढे. माणूस एक रुपया देतोय असं समजून पिन टाकतो, आणि त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरात महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या मोठ्या रकमेची परवानगी असते. पिन टाकायच्या आधीच्या पडद्यावर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख लिहिलेली असते, पण तो पडदा वाचणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

अशा मँडेटवर टॅप करा. त्यात मँडेटचा एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला यूएमएन म्हणतात. रद्द करायच्या आधी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा. पुढे बँकेत जायची वेळ आली तर तोच नंबर मागतात. मग `Revoke` किंवा `Cancel autopay` दाबा. यूपीआय पिन विचारला तर टाका. इथे पिन टाकल्याने पैसे जात नाहीत, परवानगी जाते. फक्त पडद्यावर रद्द करण्याचंच लिहिलंय ना, ते आधी वाचा.

पैसे कार्डावरून जात असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मँडेट या नावाखाली यादी असते.

आयफोन असेल तर

`Settings` उघडा, सगळ्यात वर स्वतःच्या नावावर टॅप करा, मग `Subscriptions`. रद्द करायचं बटणच नसेल आणि लाल अक्षरात मुदतीची तारीख दिसत असेल, तर ते आधीच रद्द झालेलं आहे. फुकट चाचणीची मुदत संपायच्या किमान चोवीस तास आधी रद्द करावं लागतं. काही वेळा चाचणी रद्द केल्या क्षणी अ‍ॅप बंद होतं, तेवढं धरून चाला. न सापडल्यास मेलमध्ये `receipt from Apple` शोधा. फॅमिली शेअरिंग असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं सबस्क्रिप्शन तुमच्या यादीत येत नाही, ते त्याच्याच फोनमधून रद्द करावं लागतं.

5. खातंच हरवलंय

हे सगळ्यात चिवट. एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण यात वरच्या सगळ्या पायऱ्या येतात.

एक निवृत्त गुरुजी आले. दर महिन्याच्या 11 तारखेला ₹149 जात होते, चौदा महिने झाले होते. हिशेब त्यांनीच वहीत मांडून आणला होता: ₹2,086. स्टेटमेंटवर गूगल प्लेचं नाव, म्हणजे दार ठरलं. फोनमध्ये दोन खाती होती, त्यांचं आणि नातवाचं. दोन्हीकडे सबस्क्रिप्शनचं पान कोरं, दोन्ही जीमेलमध्ये पावती नाही. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये मात्र ₹149 चं मँडेट जिवंत होतं. म्हणजे तिसरं खातं नक्की कुठेतरी होतं.

मी विचारलं, "गुरुजी, याआधीचा फोन कुठला?"

"तो पडला, फुटला. मुलाने हा घेऊन दिला."

"त्या फोनचं खातं कुणी काढलं होतं?"

"दुकानातल्याच पोराने. मला कशाला विचारतोय तो."

हे कायमचं. फोन विकणारा पोरगा दोन मिनिटांत नवीन खातं काढून देतो, पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि तिथून हवेत. फोन गेला की खातं कुणालाच आठवत नाही, पण सबस्क्रिप्शन त्याच्यावर सुखाने जगत असतं.

गूगलच्या साइन-इनच्या पानावर `Forgot email?` असा पर्याय आहे. तो मोबाइल नंबर मागतो आणि मग खात्यावरचं नाव विचारतो. नंबर गुरुजींचा तोच जुना होता, हे नशीब. नाव मात्र जुळेना. त्यांचं पूर्ण नाव टाकलं, आडनाव आधी टाकलं, काकूंचं नाव टाकलं. शेवटी गुरुजी म्हणाले, "तो पोरगा मला फक्त गुरुजी म्हणायचा." नावात `Guruji` आणि आडनावात `Karad` टाकलं आणि खातं सापडलं. पत्त्यात त्यांच्या नंबरचे शेवटचे आकडे होते. मग नंबरवर आलेल्या कोडने पासवर्ड बदलला.

हे खातं नव्या फोनमध्ये कायमचं घालायची गरज नसते. ब्राउझरमध्ये साइन-इन करून हे पान उघडलं:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

तिथे होतं. भिंतीवर लावायचे फोटो देणारं एक अ‍ॅप, तीन दिवसांच्या फुकट चाचणीने सुरू झालेलं. रद्द केलं, मेल आला, मग यूपीआयमधलं मँडेट काढलं. पुढच्या 11 तारखेला गुरुजी मुद्दाम पासबुक भरून दाखवायला आले.

आणि खातं सापडलंच नसतं तर? मग मँडेट थेट रद्द करण्यावाचून इलाज नाही. खात्याला दुसरं काहीच जोडलेलं नसेल तर पैसे न मिळाल्याने सबस्क्रिप्शन काही आठवड्यांत आपोआप मरतं. पण हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

पासवर्डसाठी एकामागून एक अंदाज मारत बसू नका. खूप वेळा चुकलं की गूगल काही काळ दार बंद करतं आणि मग बरोबर उत्तरही चालत नाही. दोन-तीन प्रयत्न, मग दुसऱ्या दिवशी. आणि शक्यतो घरच्या नेहमीच्याच वायफायवरून.

6. गेलेले पैसे

गूगल प्लेवर खरेदीनंतर 48 तासांच्या आत असाल तर गूगलकडेच परतावा मागा. त्यानंतर गूगल तुम्हाला अ‍ॅप बनवणाऱ्याकडे पाठवतं. त्याचा ई-मेल प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावरच दिलेला असतो. अ‍ॅपलसाठी `reportaproblem.apple.com` हे पान आहे. मागणीत ऑर्डर नंबर, तारीख आणि 'चाचणीनंतर वापर केलेला नाही' एवढं लिहा. बास. निबंध कुणी वाचत नाही.

गुरुजींच्या प्रकरणात शेवटचा हप्ता जाऊन चार दिवस झाले होते. अ‍ॅपवाल्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. ₹2,086 गेले ते गेले. चौदा महिन्यांचे पैसे परत मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा.

अ‍ॅपवाल्याने रद्द करायची वाटच लपवून ठेवली असेल तर मात्र तक्रार करा. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकांना फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काही दिसलं तर फोनमध्ये खुडबूड थांबवा. माझ्याकडेही येऊ नका, बँकेत जा.

मँडेट तुम्ही कधीच दिलं नव्हतं आणि घरातल्या कुणीही दिलं नाही. हा विसरभोळेपणा नाही, कुणीतरी तुमच्या फोनमध्ये किंवा बँक खात्यात शिरलंय. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

मँडेट रद्द केलं, स्क्रीनशॉट आहे, तरी पुढच्या तारखेला पैसे गेले. यूएमएन आणि स्क्रीनशॉट घेऊन बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं.

खातं दुसऱ्याच माणसाच्या नंबरवर निघालंय. तो नंबर आता परक्याकडे असेल तर त्याला फोन करून कोड मागू नका. मँडेट बँकेतून थांबवा आणि विषय सोडा.

बँकेकडून चार्जबॅक मागणं, म्हणजे झालेला व्यवहार उलटवून पैसे परत मागणं, हे सगळ्यात शेवटी ठेवा. तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेल्या परवानगीवर बँक बहुधा नाही म्हणते. शिवाय अशा वादात गूगल किंवा अ‍ॅपल तुमचं खातं खरेदीसाठी अडकवून ठेवू शकतं, आणि त्याच खात्यात तुमचे फोटो नि नंबर असतात.

आणि इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन लावू नका. गेल्या पावसाळ्यात एक बाई ₹299 परत मिळवायला अशाच नंबरवर बोलल्या. पलीकडच्याने त्यांना स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं. त्या दुकानात आल्या तेव्हा ते अ‍ॅप चालूच होतं. मी आधी फोन बंद केला, मग त्यांना समोरच्या बँकेत पाठवलं.